पोलीस ‘आर’, पण फर्निचर ‘इज’: रिकाम्या जागांच्या वर्कशीटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश ग्रामरच्या वर्कशीटमध्ये पाच शब्द हमखास येतात: पोलीस, कॅटल, पीपल, फर्निचर आणि इन्फर्मेशन. पहिले तीन दिसायला एकवचनी पण क्रियापद अनेकवचनी, आणि शेवटच्या दोघांमध्ये वस्तू ढीगभर असल्या तरी क्रियापद एकवचनी. पालक आणि क्लासवाले यावर जे प्रश्न नेहमी विचारतात ते इथे एकत्र केलेत.

पोलीसला शेवटी एस नाही, मग ‘आर’ का?

कारण एस ही अनेकवचनाची नेहमीची खूण आहे, एकमेव खूण नाही. मेन, विमेन, चिल्ड्रेन यांनाही शेवटी एस नाही पण तिथे कोणी ‘चिल्ड्रेन इज’ लिहीत नाही, कारण चाइल्ड हा एकवचनी शब्द मुलाला माहीत असतो. पोलीसची गोची अशी की त्याच्या जोडीचा एकवचनी शब्द दिसतच नाही, म्हणून मूल समजतं की हाच एकवचनी. इंग्लिशमध्ये ‘द पोलीस’ म्हणजे त्या दलातली माणसं, एकापेक्षा जास्त. म्हणून द पोलीस आर कमिंग, द पोलीस हॅव अरेस्टेड हिम, द पोलीस वेअर लेट. साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागत नाही, म्हणजे द पोलीस पॅट्रोल धिस रोड, पॅट्रोल्स नाही. ही शेवटची जागा मुलं सगळ्यात जास्त चुकतात कारण वॉज-वेअर पाठ असतं पण एस काढायचा लक्षात राहत नाही.

कॅटलचं तसंच, गायी बैल वासरं सगळी मिळून कॅटल. आणि पीपल तर सरळ पर्सनचं अनेकवचन म्हणून वापरतात, त्यात काही गूढ नाही.

मग एका पोलिसाला काय म्हणायचं? एका गुराला?

अ पोलीसमन, अ पोलीसवुमन, किंवा अ पोलीस ऑफिसर. ‘अ पोलीस’ असं नाही. एका गुराला अ काऊ, अ बुल, जे काय असेल ते. ‘अ कॅटल’ चूक, ‘कॅटल्स’ पण चूक. गुरं मोजायचीच असतील तर इंग्लिशमध्ये हेड शब्द लावतात आणि त्या हेडला एस लावत नाहीत, ट्वेंटी हेड ऑफ कॅटल वेअर सोल्ड. मुलाने ‘ट्वेंटी हेड्स’ लिहिलं तर वीस मुंडकी विकल्यासारखं वाटतं.

फर्निचर म्हणजे चार खुर्च्या, एक टेबल, कपाट. मग ते एकवचनी कसं?

इंग्लिश इथे वस्तू मोजतच नाही. फर्निचर हा शब्द सगळ्या सामानाला मिळून एकच नाव देतो, त्याचे सुटे नग तो शब्द दाखवत नाही, म्हणून अ फर्निचर पण नाही आणि फर्निचर्स पण नाही. टेबल्स अँड चेअर्स आर न्यू, पण द फर्निचर इज न्यू. घरात तेच सामान, वाक्यात क्रियापद वेगळं. लॉजिक शोधत बसू नका, लॉजिकच लावायचं तर कॅटलही एकगठ्ठा नाव आहे मग तेही इज हवं होतं. हा शब्दाचा स्वभाव आहे, वस्तूचा नाही. इन्फर्मेशन, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क, मशिनरी, अॅडव्हाइस, सीनरी ही सगळी फर्निचरच्या बाकावर बसणारी मंडळी.

मराठीत वाक्य करून बघितलं तर उत्तर मिळतं का?

बऱ्याचदा मिळतं, आणि गंमत म्हणजे या पाच शब्दांपैकी चार शब्दांत मराठी आपल्याच बाजूने आहे. गुरं चरतात, लोक येतात, ही दोन्ही अनेकवचनी, इंग्लिशमध्येही आर. माहिती मिळाली, फर्निचर आलं, ही दोन्ही एकवचनी, इंग्लिशमध्येही इज. माहित्या मिळाल्या असं आपण कधी म्हणत नाही आणि फर्निचरं आली असंही नाही. म्हणजे मूल मराठी माध्यमाचं असो की सेमी इंग्लिशचं, त्याच्या तोंडात बरोबर उत्तर आधीच आहे, फक्त ते वर्कशीटवर उतरत नाही कारण तिथे तो मराठीकडे न बघता शब्दाच्या शेपटीकडे बघतो, एस आहे का नाही.

पाचवा शब्द पोलीस, तिथे मराठी दगा देते. एक पोलीस आला, दोन पोलीस आले, दोन्ही चालतं. म्हणून मुलाला सांगा की इंग्लिशमध्ये पोलीस शब्द आला की डोक्यात ‘पोलीस आले’ हेच वाक्य आणायचं, ‘पोलीस आला’ नाही.

पण ही युक्ती सगळीकडे चालवू नका. जिथे मराठी उलट जाते ते शब्द वेगळे लिहून ठेवलेले बरे. बातम्या लागल्या, पण द न्यूज इज ऑन, आणि न्यूजच्या शेवटी एस असल्यामुळे मूल दुप्पट फसतं. केस पांढरे झाले, पण हिज हेअर इज ग्रे. हां, सूपमध्ये दोन केस सापडले तर टू हेअर्स चालतं, तिथे एकेक केस मोजलाय. पैसे मिळाले, पण द मनी वॉज पेड. सल्ले दिले, पण हिज अॅडव्हाइस वॉज गुड. आणि याच्या बरोबर उलट कात्री, चष्मा, पँट: आपल्याकडे कात्री हरवली, एकच, तिकडे द सिझर्स आर लॉस्ट, माय ग्लासेस आर ब्रोकन. वर्कशीटमध्ये पोलीस आणि फर्निचरपेक्षा मार्क जास्त जातात ते या शब्दांत.

मेनी आणि मच लावून बघायची ट्रिक किती खात्रीची?

ट्रिक पक्की आहे: मेनी पीपल, मेनी कॅटल, पण मच फर्निचर, मच इन्फर्मेशन. मेनी बसलं की आर, मच बसलं की इज. अडचण एवढीच की मराठीत दोन्हीला ‘खूप’, म्हणजे ज्या मुलाला इज-आर कळत नाही त्याला मेनी-मचही कळत नसतं, तो अंदाजानेच मेनी इन्फर्मेशन म्हणतो आणि मग त्या आधारावर आर लिहितो. ज्यांचं इंग्लिश वाचन बऱ्यापैकी आहे त्यांच्यासाठी ही ट्रिक छान. बाकीच्यांना आधी मराठी वाक्य, आणि उलटे जाणारे शब्द पाठ.

शब्द सुटा आला की जमतं, उताऱ्यात आला की चुकतो. असं का?

कारण उताऱ्यात कर्ता आणि रिकामी जागा यांच्यामध्ये दुसरे शब्द घुसतात आणि मूल जवळच्या शब्दाला क्रियापद जुळवतं. एक उतारा सोडवूनच बघू, देवनागरीत लिहितोय, वाचताना इंग्लिशच वाचा.

लास्ट नाइट सम कॅटल (1) वॉज/वेअर सिटिंग ऑन द हायवे. अ ट्रक ओव्हरटर्न्ड अँड द फर्निचर इन इट, मोस्टली टेबल्स अँड चेअर्स, (2) वॉज/वेअर डॅमेज्ड. पीपल फ्रॉम अ निअरबाय व्हिलेज (3) वॉज/वेअर द फर्स्ट टू हेल्प. द पोलीस (4) हॅज/हॅव रजिस्टर्ड अ केस. द इन्फर्मेशन गिव्हन बाय द व्हिलेजर्स (5) इज/आर यूसफुल. द नंबर ऑफ कॅटल ऑन धिस रोड (6) हॅज/हॅव गॉन अप. एव्हरी पोलीस स्टेशन निअर द हायवे (7) हॅज/हॅव बीन अलर्टेड.

पहिली जागा सरळ आहे, गुरं बसली होती, वेअर. सम शब्दावरून काही कळत नाही कारण सम फर्निचर पण होतं आणि सम कॅटल पण, त्यामुळे समच्या भरवशावर राहू नका.

दुसरी जागा खरा सापळा. रिकाम्या जागेच्या अगदी मागे चेअर्स आहे, एसवालं, त्यामुळे हात आपोआप वेअरकडे जातो. पण दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर बोटाने झाकला की उरतं द फर्निचर इन इट, त्यातलं इन इटही झाकलं की द फर्निचर वॉज. बोटाने झाकायची ही सवय पेपरातही लावा, पेन्सिलीने हलका कंस केला तरी चालतं.

तिसऱ्यात उलटा सापळा, मागे व्हिलेज एकवचनी आहे म्हणून मूल वॉज लिहितं. झाका, पीपल वेअर.

चौथी हॅव. इथे चुकलेलं मूल बहुतेक वेळा ‘केस’ हा एकच शब्द बघून हॅज लिहितं, म्हणजे कर्ता सोडून कर्माकडे बघतं, आणि हे पोलीस शब्दाचं अज्ञान नाही, कर्ता शोधता न येणं आहे. दोन्ही चुका एकाच लाल फुलीने दाखवल्या तर मुलाला कळतच नाही कुठे चुकलं.

पाचवी इज. माहिती गावकऱ्यांनी दिली, गावकरी बरेच, पण उपयोगी कोण, तर माहिती.

सहावीत कॅटल आहे तरी उत्तर हॅज, कारण वाढली ती संख्या, वाक्याचा कर्ता नंबर आहे. हेच जर ‘अ नंबर ऑफ कॅटल’ असतं तर अर्थ होतो बरीच गुरं, आणि उत्तर हॅव. द आणि अ मधला हा फरक वरच्या इयत्तांत हटकून विचारतात.

सातवीत पोलीस शब्द बघून पाठांतरवाला मुलगा हॅव लिहून मोकळा होतो. कर्ता पोलीस नाही, स्टेशन आहे. पोलीस स्टेशन, पोलीस व्हॅन, पोलीस फोर्स, यात शेवटचा शब्द मालक, क्रियापद त्याच्याप्रमाणे. माझ्या मते या प्रकारची एक जागा प्रत्येक वर्कशीटमध्ये असलीच पाहिजे, त्याशिवाय मुलाने नियम समजून लिहिलंय की शब्द बघून, हे ओळखता येत नाही.

पेपरात तर ‘मुंबई पोलीस हॅज’ छापून येतं. ते चूक आहे का?

भारतातल्या इंग्लिश पेपरांत हे बऱ्याचदा दिसतं. तिथे लिहिणाऱ्याच्या डोक्यात मुंबई पोलीस हे एका संस्थेचं नाव असतं, कंपनीच्या नावासारखं, म्हणून हॅज. संस्थेचं पूर्ण नाव असेल तर यावर वाद घालता येतो, पण नुसत्या ‘द पोलीस’ला हॅज लावणं प्रमाण इंग्लिशमध्ये चूकच धरतात. वर्कशीटमध्ये आणि परीक्षेत हॅव लिहा, दोन्हीकडे हॅव लिहिलं तरी मार्क जात नाहीत.

टीम, फॅमिली, गव्हर्नमेंट, कमिटी हे पण पोलीससारखेच का?

नाही, आणि ही सरमिसळ बऱ्याच गाईडांतही असते. फॅमिलीचं फॅमिलीज होतं, टीमचं टीम्स होतं, म्हणजे या शब्दांना स्वतःचं एकवचन-अनेकवचन आहे. ब्रिटिश इंग्लिशमध्ये द टीम इज पण चालतं आणि माणसं सुटी सुटी डोळ्यासमोर असतील तर द टीम आर पण चालतं, अमेरिकन लोक बहुतेक इजच ठेवतात. पोलीसला अशी सवलत नाही, तिथे दोन्ही बाजूंना आर. त्यामुळे ‘समूहवाचक नाम’ अशी एकच पेटी करून त्यात पोलीस, टीम, कॅटल, हर्ड सगळं कोंबायचं आणि एकच नियम सांगायचा, हे करू नका, मुलं मग टीमवरून शिकलेलं पोलीसला लावतात.

‘अ पीस ऑफ फर्निचर’ आलं तर?

मग कर्ता पीस. वन पीस ऑफ फर्निचर इज ब्रोकन, टू पीसेस ऑफ फर्निचर आर ब्रोकन. इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, न्यूज यांनाही हेच पीस लागतं. अ हर्ड ऑफ कॅटल इज, कारण कळप एक.

पण हाफ ऑफ, मोस्ट ऑफ, सम ऑफ आलं तर उलट, तिथे ऑफच्या पुढच्या शब्दाकडे बघायचं: हाफ ऑफ द इन्फर्मेशन इज राँग, हाफ ऑफ द पीपल आर अॅबसेंट.

पीपल्स आणि इन्फर्मेशन्स हे शब्द कुठेतरी वाचलेत. ते मग काय?

पीपल्स बरोबर आहे पण अर्थ वेगळा. तिथे पीपल म्हणजे माणसं नाही, एक समाज किंवा जमात, द पीपल्स ऑफ आफ्रिका म्हणजे आफ्रिकेतले वेगवेगळे समाज. शाळेच्या वर्कशीटमध्ये हा अर्थ क्वचित येतो.

इन्फर्मेशनचं कायद्यात वेगळंच आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 154, म्हणजे एफआयआरचं कलम, सुरूच ‘एव्हरी इन्फर्मेशन’ या शब्दांनी होतं, आणि आता त्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही तेच शब्द आहेत. तिथे इन्फर्मेशन म्हणजे ठाण्यात दिलेली एक एक खबर, म्हणून ती मोजली. एखाद्या वकील पालकाने घरी मुलाला हे दाखवलं तर वाद होणार हे नक्की, पण ती कायद्याची भाषा, सहावीच्या वर्कशीटमध्ये एव्हरी इन्फर्मेशन लिहू नका. माहिती अधिकार कायद्याच्या नावातसुद्धा राइट टू इन्फर्मेशनच आहे, एस नाही.

पोल्ट्री कुठे बसतं?

दोन्हीकडे. जिवंत कोंबड्या असतील तर कॅटलसारखं, द पोल्ट्री आर फेड ट्वाइस अ डे. ताटातलं मांस असेल तर फर्निचरसारखं, पोल्ट्री इज चीपर दॅन मटण. वाक्य वाचल्याशिवाय उत्तर नाही.

आम्ही क्लाससाठी वर्कशीट बनवतो. काय काळजी घ्यायची?

आधी हे बघा की रिकाम्या जागेत खरंच वचन तपासलं जातंय का. ‘द पोलीस ____ द थीफ’ आणि पर्याय कॅच-कॉट असेल तर तिथे काळ तपासला, वचन नाही, कारण साध्या भूतकाळात कॉट दोन्ही वचनांना सारखंच. विल, कॅन, मस्ट यांचंही तसंच. वचन फक्त तीन ठिकाणी दिसतं: इज-आर आणि वॉज-वेअर, हॅज-हॅव, आणि साध्या वर्तमानकाळातला एस. बाकी जागा कितीही भरून घेतल्या तरी मुलाला पोलीस येतं की नाही हे कळणार नाही.

दुसरं, उत्तर वाक्यातच फोडू नका. ‘दीज कॅटल ____’ लिहिलं की दीजने सांगूनच टाकलं. द वापरा.

तिसरं, ज्या जागेला दोन उत्तरं बरोबर आहेत ती टाकू नका, आणि यात शीप सगळ्यात फसवं. शीप आणि कॅटल पुस्तकात शेजारी शेजारी असतात म्हणून बनवणारा दोन्ही एकाच साच्यात घालतो, पण अ शीप होतं, टू शीप होतं, अ कॅटल होत नाही. ‘द शीप ____ ईटिंग ग्रास’ मध्ये एक मेंढी असेल तर इज, कळप असेल तर आर, दोन्ही बरोबर. मग ज्या मुलाने इज लिहिलं त्याला फुली मारली की त्याचे आईवडील येणार आणि त्यांचं बरोबर असणार. थ्री शीप लिहा किंवा शीप काढूनच टाका. फॅमिली आणि टीमच्या जागांनाही हेच लागू.

आणि क्रम मिसळा. वरच्या पाच जागा पोलीस-कॅटल-पीपल आणि खालच्या पाच फर्निचर-इन्फर्मेशन अशी मांडणी असेल तर मूल दुसऱ्या जागेपासून वाचणं बंद करतं आणि वरून खाली आर आर आर भरत सुटतं.

वर्कशीटमध्ये दहापैकी दहा, पण निबंधात ‘पोलीस वॉज’ लिहितो. काय करायचं?

वर्कशीटमध्ये दोन पर्याय समोर असतात, निबंधात ते स्वतः आणावे लागतात, आणि शिवाय तिथे पोलीस शब्दानंतर तीन वाक्यांनी सर्वनाम येतं. मूल द पोलीस केम लिहितं, बरोबर असतं कारण केमला वचन नाही, आणि पुढे लिहितं ‘ही टुक हिम अवे’. चूक तिथे उघडी पडते. म्हणून इज-आरच्या जागांबरोबर सर्वनामाच्या जागाही द्या: द पोलीस केम अँड ____ आस्क्ड अस मेनी क्वेश्चन्स, उत्तर ‘दे’ हे सर्वनाम, ‘ही’ नाही. आय गॉट द इन्फर्मेशन अँड पास्ड ____ ऑन, उत्तर इट, देम नाही. ज्याला सर्वनाम बरोबर जमतं त्याचं क्रियापद सहसा चुकत नाही. घरी करायचं असेल तर अपघाताची किंवा चोरीची एखादी बातमी घेऊन पाच-सहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा, पर्याय न देता, त्यात पोलीस आणि पीपल आपसूक येतातच.

डेटा इज की आर?

दोन्ही चालतं. रोजच्या लिखाणात इज, संशोधनाच्या लिखाणात बरेच जण आर ठेवतात. वर्कशीटमध्ये टाकू नका, भांडणं होतात.